बोरमाळेचे मणी

रत्नमाला, जालन्याहून

आक्का, फोन उचलत न्हाईस ना? मंग हा व्हॉइस तरी ऐक. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबराव मामानं समद्यांसमोर वाटणी केली, तवा तू मान हलवली का न्हाई? माय काही लिहून ठिवून गेली न्हाई, बाप आधीच गेला, भाऊ आपल्याला न्हाई. म्हंजे जे हाय ते दोघी बहिणींचं बराबर. लुगडी तू घेतली, मी हूं का चूं केलं न्हाई. तांब्याचा हंडा घेतला, म्हणलं घे बाई. बोरमाळ तेवढी मामानं माह्याजवळ दिली, जालन्यात नेऊन एकीच्या दोन करून आण म्हणून. आज सराफ्यात निघायच्या आधी मी ती गळ्यात घालून आरशासमोर उभी राह्यले गं. माह्या लग्नाच्या फोटोत मायची बोरमाळ छातीवर रुळून राह्यलीय. आता पुढं मूठभर मणी अन् मानेमागं नुसता लाल दोरा. बाकीचे मणी कुठं गेले? माय आष्टीत तुह्या शेजारच्या खोलीत राहायची, माह्या न्हाई. तूच सांग.

कुशावर्ता, आष्टीहून

चोराच्या उलट्या बोंबा! माळ तुह्या घरात, सराफा तुह्या घरापासून दोन पावलांवर, अन् मणी मी खाल्ले व्हय? मामानं रुमालात बांधून दिली तवा डोळे कुठं गेल्ते तुहे? तिथंच रुमाल सोडून बघायचा ना, चार माणसांत. घरी नेली, कुलपात ठिवली, अन् आता म्हणून राह्यलीस मणी कमी. मी मायचं हगणंमुतणं काढलं, रत्ने. तू दिवाळीला यायची, चिवडा खायची अन् जायची. तुह्या त्या सोनाराला इचार आधी. त्यानं आटवून तर न्हाई टाकले निम्मे? का तूच आटवायला दिले?

रत्नमाला

उचलली जीभ लावली टाळ्याला. आटवायला मी येडी हाय का? बोरमाळेचा मणी म्हंजे वरून सोन्याचा पातळ पत्रा अन् आत ठासून लाख. आगीत घातला की लाख जळून जाती, हातात येतं नखभर सोनं. पारसशेठ सोनारानंच सांगितलं, आटवू नका, नुकसान व्हईल. मणी निम्मे निम्मे करा, मधी काळी पोत घाला अन् दोन माळा गाठवून घ्या.

मंग त्याच्या दुकानासमोर जे महेमूदभाई बसतात ना, दागिने दोऱ्यात गाठवून देणारे, त्यांच्याकडं गेले. त्यांनी दोरा बोटावर फिरवला. म्हणले, ही बाजारची गाठण न्हाई, घरच्या गाठी हायत, अन् एक न्हाई, लई हायत. मणी काढला की दोरा बांधला, काढला की बांधला. आलं का ध्यानात? बाहेरचा चोर आला असता तर आख्खी माळ घेऊन गेला असता. एकेक मणी घरचंच माणूस काढतं. मी काही तुहं नाव घेत न्हाई. पण मायला न्हाऊ कोण घालत व्हतं, एवढं सांग.

कुशावर्ता

मी घालत व्हते. मीच! अन् नाव घेत न्हाई म्हणून नाव घ्यायची तुही सवय मला लहानपणापासून माहीत हाय.

दोरा मी बघितला व्हता. एकदा इचारलं बी, माय, हे काय गुंतवळ करून ठिवलंय? तर म्हणली, झिजला व्हता, बांधला. अन् पदर वढून घेतला. तिचा पदर कायम गळ्याभवती, समोरून कोणाला काय दिसणार?

पण आता तू बोलली म्हणून डोक्यात किडा वळवळून राह्यला. आपली शेजारीण द्वारकाबाई. ती येळ न बघता यायची, मायच्या कानात काहीतरी सांगायची, अन् हातातलं काम टाकून माय तिच्यामागं निघायची. कुठं चालली इचारलं तर म्हणायची, आले जल्दी. आल्यावर दारातच आंघोळीला पाणी मागायची. मला वाटायचं, म्हातारीला सोवळं सुचलं. आज कळतंय, पाणी कुठं मुरलं ते.

रत्नमाला

मंग बसलीस काय? जा, धर तिला. तिच्या पेट्या बघ. पण आक्का, एक सांगू? तू मघाशी मला चोर केलं, मंग सोनाराला, आता द्वारकाबाईला. बोट नुसतं फिरून राह्यलंय. मला खरं पायजे. माय गेली, आता तुहं घर तेच माहं माहेर. मला तिथं यायचंय गं, सणावाराला, उन्हाळ्यात पोरं घेऊन. पण मनात हे ठिवून मी तुह्या हातचा चहा बी पिणार न्हाई. एक तर मणी दाखव, न्हाई तर चोर दाखव. तवर मी आष्टीची पायरी चढत न्हाई.

कुशावर्ता

रत्ना, आत्ताच आले द्वारकाबाईकडून. लई भांडले मी. तिच्या सुनेसमोर म्हणलं, माह्या मायचे मणी काढ बाहेर. ती बिलकुल चिडली न्हाई गं. मला पाटावर बसवलं अन् म्हणली, एक मणी माह्या सासूनं नेला.

म्हणलं, म्हंजे?

तर म्हणली, सासूचा जीव चालला व्हता, तोंडात घालायला घरात सोन्याचा कण न्हवता. नवरा दारोदार मागत फिरला. तुही माय आली, गळ्यातला दोरा दातानं तोडला, एक मणी म्हातारीच्या जिभेवर ठिवला, वर तुळशीचं पान अन् पाणी. मंग तिथंच बसून दोरा बांधला. तवापासून गल्लीत कोणाच्या बी घरात सोनं नसलं की मी तिला बोलवायला यायचे. हातगाडीवाल्या राजानंदची बायको गेली तवा, वरच्या आळीची उषाबाई गेली तवा. तोंडात घातलेलं सोनं कोणी वापस मागत न्हाई, ते माणसासंगं जळून जातं. मयताच्या घरून आली म्हणून ती घरी येऊन आंघोळ करायची.

मी इचारलं, मला का न्हाई सांगितलं कोणी? तर द्वारकाबाई खाली बघून म्हणली, तिनंच शपथ घातली व्हती. म्हणायची, माह्या पोरींच्या कानावर घालू नका, त्या मणी मोजत बसतील.

रत्नमाला

आक्का... दोनदा रेकॉर्ड केलं अन् पुसून टाकलं. काय काय बोलले मी तुला. अन् तू बी मला. माय बराबर वळखून व्हती आपल्याला.

माळ मी न्हाई तोडणार. महेमूदभाईला सांगते, त्याच गाठींसकट राहू द्या. तुह्याकडं ठिव. मला काही नको.

पण आक्का, एक इचारू? खरं सांगशील? मायच्या तोंडात सोनं कोणी घातलं? मी आले तवा तिला अंगणात घेतलं व्हतं. मला वाटलं तू घातलं असशील. घातलं ना?

कुशावर्ता

माय गेली तवा तू फोनवर रडत व्हती, अन् रडता रडता म्हणली, आक्का, गर्दी व्हायच्या आधी माळ काढून ठिव. मी बी तोच इचार करून राह्यलते. काढली अन् कनवटीला खोचली.

तुळशीपान घातलं मी. पाणी घातलं. द्वारकाबाईनं इचारलं बी, बाई, सोनं? ती माह्या कनवटीकडंच बघत व्हती. मी म्हणलं, रत्ना येऊ द्या. तिच्यासमोर मणी काढू, न्हाई तर म्हणंल एक कमी कसा.

मंग तू आली. येताच आधी तिचा गळा बघितला अन् मला इचारलं, माळ कुठंय? मी कनवटीवरचा हात काढलाच न्हाई. तेवढ्यात माणसं उचलायला आली.

आख्ख्या गल्लीला घातलं तिनं, रत्ना. अन् आपण दोघी असून ती तशीच गेली, रिकाम्या तोंडानं.