सध्याच्या स्वरूपात

धाकटीने रागाच्या भरात पत्र स्वतःच लिहून आणलं होतं. वकीलबाईंनी चष्मा लावून पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं, "जन्मात सही करणार नाही," आणि हसू दाबत कागद बाजूला सारला.

थोरली तिची जाऊ. दोघींनी मिळून चालवलेलं शिवणाचं दुकान एका कोटाच्या बाहीवरून फुटलं होतं आणि प्रकरण कोर्टात गेलं होतं. आता थोरलीच्या वकिलांकडून तडजोडीचा प्रस्ताव आला होता: दुकान थोरलीचं, यंत्रं आणि तिच्या हिश्शाचे पैसे धाकटीचे. पण धाकटीने या बाजारात शिवणकाम करायचं नाही. हे शेवटचं वाचूनच तिने ते पत्र खरडलं होतं. तिचं सगळं गिऱ्हाईक याच बाजारातलं होतं.

"नकार द्यायचाच," वकीलबाई म्हणाल्या, "पण दार आपटून नाही."

त्यांनी वर लिहिलं, 'केवळ तडजोडीसाठी, हक्क राखून', म्हणजे उद्या हे पत्र कोर्टात कुणी आपल्यावर उलटवायला नको. मग प्रस्तावाबद्दल आभार. मग, 'सध्याच्या स्वरूपात तो स्वीकारता येत नाही.' यंत्रांच्या वाटणीवर बोलता येईल, अडचण बाजाराच्या अटीची आहे, ती का हवी हे कळावं, आणि पुढच्या आठवड्यात समोरासमोर बसावं.

"आभार कशाला?" धाकटी फणकारली. "आणि 'सध्याच्या'?"

"तू कपड्याच्या आत जास्तीचं कापड सोडतेस ना? तसंच."

धाकटीने नाक मुरडलं, पण मान डोलावली. पत्र गेलं.

पुढच्या आठवड्यात चौघं टेबलाभोवती बसली. दोघी जावा भिंतीकडे बघत होत्या. वकीलबाईंनी अट वाचून दाखवली, तशी थोरली खुर्चीतून उठलीच.

"बाजारात शिवायचं नाही? हे कुणी लिहिलं?"

तिचे वकील पानं चाळू लागले. "भागीदारी मोडताना ही अट आमच्या मसुद्यात नेहमीच असते. तुम्ही वाचून सही केलीत."

"पहिलं पान वाचलं! बाकीचं कोण वाचतं?" थोरली धाकटीकडे वळली. "अगं बये, तुला वाटलं मी तुझ्या पोटावर पाय देईन?"

"मग काय वाटणार?" धाकटी म्हणाली. "भांडण झाल्यापासून एकदा तरी बोललात का?"

"तू तरी बोललीस का?"

थोरलीचे वकील घाईने ती अट खोडू लागले.

"नुसती अट खोडून काय होतंय?" थोरली त्यांच्यावरच ओरडली. "दुकान दोघींचं लिहा. ही तिकडे बसेल, मी इकडे. मध्ये पडदा टाकू."

"चालेल," वकीलबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "पडदा कोण शिवणार?"

"मी!" दोघी एकदम म्हणाल्या आणि लगेच एकमेकींकडे डोळे वटारून बघायला लागल्या. मग थोरलीलाच आधी हसू फुटलं.