संमती मिळाली

गोमतीबाई इंगोले वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात अकरा वर्षांपासून वॉर्डात मावशी होत्या. सोमवारी सकाळी त्या नमराच्या ऑफिसात आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच दोन कागद तिच्या टेबलावर ठेवले.

"तूच बनवलं नं ते ड्युटीवालं? वाच मंग."

ते नमरानंच बनवलं होतं. दवाखान्यात कुणी ऐनवेळी रजा टाकली की रिकामी ड्युटी भरायचं काम तिचा बॉट, म्हणजे तिनं लिहिलेला आपोआप चालणारा प्रोग्राम, करायचा. यादीतल्या बायांना मोबाइलवर विचारायचा, एकीचं नाव लावायचा आणि संध्याकाळी व्यवस्थापकांना चार ओळींचा अहवाल पाठवायचा. वर्षभर कुणाची तक्रार आली नव्हती, त्यामुळे नमराला त्याचा थोडा अभिमानही होता.

पहिला कागद नोटीस होता. गुरुवारी दुपारच्या ड्युटीला संमती देऊन गैरहजर राहिल्याबद्दल आणि रुग्णाची हेळसांड केल्याबद्दल कामावरून का काढू नये, असं त्यात विचारलं होतं. दुसरा कागद बॉटचा अहवाल होता. 'दुपारची रिकामी ड्युटी भरली. गोमतीबाई इंगोले. संमती मिळाली. अडचण नाही.'

"मी कवा हो म्हटलं?" गोमतीबाई म्हणाल्या. "माही सकाळची ड्युटी दोनले सुटली. मी गावच्या एस्टीत बसली, किन्हीराजाच्या. मोबाइल सकाळपासून बंद होता, चार्जिंगच नोयती. घरी जाऊन लावला तं पाच वाजले होते."

"वॉर्डात काय झालं मावशी?"

"सहा नंबरच्या बेडवर म्हातारी होती. मांडीचं हाड मोडलेलं, हलता येत नाई. तीन तास तशीच आपल्या घाणीत पडून राह्यली. सिस्टर एकटी, तिच्याकडं बावीस पेशंट. म्हातारीची लेक गावाहून आली तवा पदरानं पुसलं तिनं. अन् यानं काय लिवलं? अडचण नाई."

ते दोन शब्द नमरानं स्वतः लिहिले होते. ड्युटीवर नाव चढलं की अहवालाच्या शेवटी ते आपोआप चिकटायचे. ती बाई कामावर आली की नाही, हे बॉटला कळायची सोयच नव्हती. तरी तो रोज छातीठोकपणे अडचण नाही म्हणत होता.

गोमतीबाई गेल्यावर तिनं गुरुवारची नोंद उघडली. नोंदीतही तेवढंच होतं: नाव, वेळ, संमती मिळाली. म्हणून तिनं मेसेज पाठवणाऱ्या सेवेकडची मूळ माहिती काढली. मेसेज दोन वाजून पाच मिनिटांनी गेला होता. गोमतीबाईंच्या मोबाइलवर पोचला चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. उत्तर आलंच नव्हतं. आणि बॉटनं दोन वाजून वीस मिनिटांनी संमती लिहून टाकली होती.

कारण सेटिंगमध्ये सापडलं. उत्तर आलं नाही तर नकार समजून पुढच्या बाईला विचारायचं, असं तिनं सुरुवातीला ठेवलं होतं. आता तिथं होतं: पंधरा मिनिटांत उत्तर नाही तर होकार. बदल जूनमध्ये झाला होता, व्यवस्थापक सतीश देशमुखांच्या लॉगिनवरून. दवाखान्याला स्वतःचे नियम बदलता यावेत म्हणून तो पर्याय नमरानंच दिला होता. पण नियम बदलला तरी अहवालातला शब्द बदलत नव्हता. बाईनं 'हो' लिहिलं तरी संमती, मोबाइल बंद असला तरी संमती. दोन्हीला तिनं एकच शब्द दिला होता.

ती दुपारी दवाखान्यात गेली. सतीश सरांनी चहा मागवला.

"नियम तुम्ही बदलला?"

"बदलला. या बाया मुद्दाम उत्तर देत नाईत. ड्युट्या रिकाम्या राह्यच्या. आता राह्यतात का?"

"कागदावर राहत नाहीत."

ते हसले. "नमरा, मले चार ओळी पाह्यजेत. साफ. म्हातारीच्या लेकीनं तक्रार केली, कोणाचं तरी नाव द्या लागते. रेकॉर्डमध्ये बाईची संमती आहे, विषय संपला. तू कायले खोदून राह्यली?"

"ती संमती नाहीच सर."

"तुह्याच बॉटनं लिवली. मी लिवली का?"

चहा आला. कपाच्या कडेला आधीच्या कुणाच्या तरी ओठांचा डाग होता. नमरानं कप तसाच ठेवला आणि उठली. जिना उतरताना तिला त्या माणसाची किळस येत होती, पण त्यानं शेवटी म्हटलेलं खरं होतं. खोटं त्यानं लिहिलं नव्हतं. खोटं लिहिणारं यंत्र त्याला आयतं मिळालं होतं.

पुढचे तीन दिवस तिनं दुसरं काम घेतलं नाही. आता बॉट प्रत्येक रिकाम्या ड्युटीसाठी वेगळी नोंद ठेवू लागला: कोणाला विचारलं, मेसेज कधी गेला, पोचला का, उत्तर काय आलं, कोणत्या नियमानं नाव लावलं, तो नियम कोणी आणि कधी ठरवला. लिहिलेली नोंद मागाहून बदलता येणार नाही, चूक असेल तर खाली दुरुस्तीची नवी नोंद होईल, अशीही सोय केली. अहवाल चार ओळींचाच राहिला. पण विनाउत्तर लावलेली नावं पहिल्या ओळीत आली आणि 'अडचण नाही' कायमचं गेलं. त्या जागी आलं: 'हजेरी बॉटला माहीत नाही.'

मग तिनं जूनपासूनचे जुने मेसेज याच पद्धतीनं लावून पाहिले. एकसष्ट संमतींपैकी अडतीस वेळा कुणी उत्तरच दिलेलं नव्हतं. त्यातल्या अकरा वेळा तर मेसेज बाईपर्यंत पोचायच्या आधीच नाव लागलं होतं.

एक गोष्ट मात्र तिला सांगता येईना. सकाळची पूर्ण ड्युटी केलेल्या गोमतीबाईंनाच बॉटनं का निवडलं? त्या वेळी यादीत आणखी कोण होतं, हे जुन्या नोंदीत ठेवलेलंच नव्हतं. अंदाज बांधता आला असता. तिनं लिहिलं: 'निवडीचं कारण नोंदलेलं नाही. ही बनवणारीची चूक आहे.' आणि खाली सही केली.

शुक्रवारी चौकशी झाली. दवाखान्याच्या मालकीण डॉक्टर पल्लवी मॅडम मध्ये बसल्या होत्या, एका बाजूला सतीश सर, समोर गोमतीबाई. नमरानं कागद दिले. मॅडमनी ते दोनदा वाचले.

"म्हणजे या बाईंना विचारलंच गेलं नव्हतं?"

"विचारलं होतं मॅडम. पण यांना कळायच्या आधीच उत्तर लिहून झालं होतं."

"तांत्रिक घोळ आहे मॅडम," सतीश सर म्हणाले.

"घोळ नाही," नमरा म्हणाली. "नियम सरांनी बदलला, तारीख दिली आहे. आणि तो लपेल असा अहवाल मी लिहिला."

मॅडमनी नियम त्याच दिवशी पूर्ववत करायला सांगितला. नोटीस मागे घेतल्याचं पत्र संध्याकाळी निघालं, दोन ओळींचं. त्यात माफी नव्हती, म्हातारीचं नावही नव्हतं. सतीश सर त्यांच्या जागी राहिले. दवाखान्याकडून कुणीतरी नमराला कळवलं, की पुढच्या महिन्यापासून हे काम अकोल्याची एक कंपनी बघेल.

पत्र घेऊन बाहेर आल्यावर गोमतीबाईंनी ते घडी करून पिशवीत टाकलं.

"जाता का कामावर?" नमरानं विचारलं.

"जा तं लागंन. पण त्या माणसाचं तोंड पाह्यलं का मले उलटी येते." मग तिच्याकडे नीट बघत म्हणाल्या, "तुहाबी राग आला होता मले. लय."

"यायलाच पाहिजे होता मावशी."

"आता नव्या कंपनीवाल्यायले सांगशील का, तसंच लिवा म्हणून? 'उत्तर नाई' तं 'उत्तर नाई'च लिवा?"

"लिहून दिलंय. ते ऐकतील की नाही, माहीत नाही."

किन्हीराजाची गाडी लागली होती. गोमतीबाई घाईनं चढल्या आणि खिडकीशी बसल्या. गाडी हलली तरी दोघींपैकी एकीनंही हात हलवला नाही.