एकसष्टवर संपणारा नंबर

इनबॉक्समध्ये वीजबिल आणि पायऱ्या-फरशीची एक जाहिरात, एवढंच होतं. मी खाली सरकवलं, वर सरकवलं. पाठवलेल्यात काही नाही. कचऱ्याच्या डब्यातही काही नाही. ड्राइव्हवर पोत्यांच्या फोटोंचं फोल्डर होतं, तेही गायब.

"अकोल्याचे मेल तुम्ही काढून टाकले का?" मी माझ्या नवऱ्याला, साजिदला विचारलं.

"मी काहून काढू? मले तर मेल काढताही येत नाही."

सोमवारी अमरावतीला कृषी खात्यापुढे सुनावणी होती. भातकुलीतल्या आमच्या दुकानातून गेलेलं सोयाबीनचं बी उगवलं नव्हतं आणि अकोल्याच्या वितरकाने लेखी कळवलं होतं की माल त्यांच्याकडून चोख गेला, दुकानदाराने पोती फोडून बाजारचं सोयाबीन भरलं. परवाना आधीच थांबवला होता. आता भेसळीचा गुन्हा दाखल व्हायचा होता, आणि त्यात नाव एकट्या साजिदचं.

त्याच्या बाजूने जे होतं ते सगळं मेलमध्ये होतं. माल उतरला त्या दिवसाचे, शिलाई न उसवलेल्या पोत्यांचे आणि त्यांच्या लेबलांवरच्या लॉट नंबरांचे फोटो. तक्रारी आल्यावर त्याने ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून पाहिले, असं मी धरून चालले होते. सत्तर तरी उगवायला हवेत, अडतीस उगवले. त्याचेही फोटो. "हा लॉट परत घ्या" म्हणून अकोल्याला केलेला मेल. आता नव्याने काही दाखवायचं म्हटलं तर काय दाखवणार? शेतं मोडून लोकांनी दुबार पेरणी केली होती. पोती सगळी विकली गेली होती. साजिदचा जुना फोन आषाढाच्या पहिल्याच पावसात भिजून मेला होता.

दाराची कडी लावलेली आहे ना, हे मी पुन्हा पाहिलं. आठवड्यापूर्वी कोणीतरी दुकानाच्या शटरवर दगड मारला होता. तेव्हापासून अडीच वर्षांच्या अलीझाला मी ओट्यावर जाऊ देत नव्हते. गल्लीत मोटरसायकल थांबली की माझे हात आपोआप तिला ओढून घ्यायचे.

मी बीसीए केलंय. मेल खात्याच्या सुरक्षेचं पान उघडायला मला कोणाची गरज नव्हती. तिथे दोन यंत्रं दिसत होती. एक साजिदचा नवा फोन, भातकुली. दुसरा विंडोजचा कॉम्प्युटर, अकोला, काल दुपारी.

"अकोल्यात आपला मेल कोण उघडते?"

साजिद म्हणाला, "खातं श्रेयसनं उघडून देल्लं होतं ना. सगळ्याच दुकानदारांचं त्यानंच उघडलं. ऑर्डरी मेलवर पाहिजे म्हणे कंपनीले."

श्रेयस म्हणजे वितरकाचा सेल्समन. दर हंगामात यायचा, चहा प्यायचा, अलीझाला चॉकलेट द्यायचा. दुकानाचं नाव अलीझा कृषी केंद्र, म्हणून पासवर्डही त्यानेच ठरवला होता: अलीझा आणि पुढे एक-दोन-तीन. आम्ही तो कधी बदलला नाही. जिल्ह्यातल्या एकाही दुकानदाराने बदलला नसेल. माल देणाऱ्याने दिलेला पासवर्ड, तो कशाला बदलायचा.

माझ्या मुलीचं नाव टाइप करून तो आत शिरला होता.

मी नुसता पासवर्ड बदलला आणि बाकी काही न तपासता भाजी टाकायला उठले. इथे मी चुकले, आणि दुसरी चूक साजिदने केली. मी आत असताना त्याने श्रेयसला फोन लावला. भांडायला नाही, विचारायला. "मेल दिसून नाही राहिले भाऊ. पासवर्डही बदलला आमी." श्रेयस म्हणाला, काळजी नका करू, सर्व्हरचा काही लोचा असेल.

भाजी खाली उतरवेपर्यंत फोनवर आलं: पुन्हा साइन इन करा. माझा नवा पासवर्ड चुकीचा. पासवर्ड विसरलात का, तर या नंबरवर कोड पाठवतो, आणि पुढे सगळे ठिपके, शेवटी एकसष्ट.

आमच्या घरात एकसष्टवर संपणारा एकही नंबर नाही. दुकानात भिंतीवर वितरकाचं कॅलेंडर होतं, त्यावर संपर्कासाठी श्रेयसचाच नंबर छापलेला. मी साजिदला तिथूनच वाचायला लावला. शेवटचं एकसष्ट वाचताना त्याचा आवाज खाली गेला. खातं उघडताना श्रेयसने आमच्या नावापुढे स्वतःचा नंबर टाकला होता. आम्ही शंभर पासवर्ड बदलले असते तरी त्याला कोड येत राहिला असता.

मी त्याला फोन लावला.

"श्रेयसभाऊ, आमचं खातं उघडलं तुम्ही."

"भाभी, खातं मीच तर काढून देल्लं तुमाले. आता मीच चोर काय?"

"मेल काढले ते परत द्या."

"कोणते मेल?" तो हसला. "आन गेलेले मेल परत येत असते काय भाभी? साजिदभाईले म्हणा, वकिलाच्या नादी नका लागू. कबूल करून घ्या, दंडावर सुटते. लहान पोरगी हाय घरात."

पोरगी हाय घरात. मी फोन ठेवला.

अमरावतीच्या चारुशीलाताई साजिदची केस बघत होत्या. वकील, माझ्या कॉलेजला सिनियर. त्यांना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आधी खातं परत मिळव. पण आत गेलीस की कोणालाही बाहेर काढू नकोस. अकोल्याचं यंत्र, वेळ, आयपी, सगळ्याचे स्क्रीनशॉट पहिले काढ. तू त्याला हाकललंस की त्या पानावरून तो पुसट होत जातो. सायबरवाल्यांना तेच लागेल."

मी साजिदच्याच फोनवरून, घरच्याच वायफायवरून 'दुसरा मार्ग' निवडला. अनोळखी यंत्रावरून विचारलं की शंका घेतात, हे मला माहीत होतं. आठवणारा शेवटचा पासवर्ड विचारला, सकाळी मीच ठेवलेला दिला. उत्तर पाठवायला माझ्या स्वतःच्या मेलचा पत्ता दिला. मग थांबायचं. अलीझा मांडीवर चढून फोन ओढत होती. तिच्यावर मी विनाकारण ओरडले, मग तिलाच कवटाळून बसले.

लिंक दुपारनंतर आली. आत गेले. स्क्रीनशॉट काढले. मग त्याचा नंबर काढून माझा टाकला, दोन टप्प्यांची पडताळणी लावली, बाकी सगळी यंत्रं बाहेर काढली. फिल्टर तपासले तर एक निघाला: कृषी खात्याकडून येणारा मेल थेट डिलीट. म्हणजे पहिली नोटीस आम्हाला का मिळाली नाही, तेही कळलं. तो चोर एका दिवसाचा नव्हता.

हे सगळं बंद केल्यावरच मी परत मिळवण्याचा अर्ज भरला. खात्यात घुसून कोणी मेल काढले असतील तर मेलची कंपनी ते शोधून पाहते. डबा रिकामा केला तरी काही दिवस मागे कुठेतरी प्रत राहते. मात्र मिळतीलच असं नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. ड्राइव्हच्या फायलींसाठी वेगळी विनंती, तिला पंचवीस दिवसांची मुदत. आम्ही मुदतीत होतो.

दुसऱ्या दिवशी भगवंतराव आले. शेजारच्या गावचे, साजिदच्या अब्बांपासूनचं गिऱ्हाईक. दोनदा पेरून थकलेला माणूस ओट्यावर बसला आणि पाणीसुद्धा घेईना.

"साजिद, मले एकच सांग. पोतं तू फोडलं काय?"

"नाही काका. अलीझाची कसम."

"पोरीची कसम नको घेऊ. कागद दाखव."

"कागद येऊन राहिला," मी आतून म्हणाले. "चोरानं काढला, तो परत मागवला आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोस्टातून पाऊस मागवला आहे.

त्याच संध्याकाळी मेल आले. एकेक करून नाही, सगळे एकदम, क्रम मोडून. काही आलेच नाहीत. पण लॉट नंबरांचा होता. गोणपाटाचा होता, फोटोंसकट. अकोल्याचं उत्तर होतं: "माल परत घेता येणार नाही. सर्वत्र हाच लॉट आहे. तक्रार आल्यास कंपनी बघेल." खाली श्रेयसचं नाव. मी हसले, मोठ्याने. अलीझाही हसली.

मग त्याच्या खालचा मेल दिसला. साजिदने त्याच रात्री पाठवलेला.

"ठीक आहे भाऊ. तुमच्या भरवशावर विकतो."

मी तो दोनदा वाचला.

साजिद दारात उभा होता. माझं तोंड पाहून त्याला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"त्यांनी घेतलाच नाही परत. मी काय करू? ढोरांले घालू?"

"अडतीस दाणे उगवले होते. तुम्हीच मोजले."

"कंपनी बघते म्हणे ना."

"भगवंतकाकांनी कधी नेलं बी?"

मलाच आठवलं. ईदच्या दुसऱ्या दिवशी. काका शिरखुरमा प्यायला आले होते आणि जाताना पोतं घेऊन गेले. मेल त्याच्या आधीचा होता.

इतके दिवस माझा सगळा राग अकोल्याकडे तोंड करून उभा होता. आता त्याला कुठे उभं करावं ते कळेना. माझ्याच घरात त्याला जागा निघाली.

"हा मेल काढून टाक," साजिद हळूच म्हणाला. "बाकीचे दे. एवढा एक. कोणाले कळते?"

"श्रेयसनेही हेच केलं."

"मी त्याच्यासारखा हाय काय?"

"आज रात्री तरी नका होऊ."

मी सगळे मेल, जोडलेल्या फोटोंसकट, चारुशीलाताईंना पाठवले. साजिदचा तो मेल मी सर्वांत वर ठेवला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"उज्मा, भेसळीतून तो सुटेल. पोती सीलबंद आली, लॉट त्यांचाच, हे दिसतं. पण परवान्याचं काही सांगता येत नाही. माहीत असून विकलं असं म्हणतील. म्हणणारच. हा मेल आपण होऊन द्यायचा का, विचार कर."

"ताई, तो अकोल्याच्या इनबॉक्समध्येही आहे ना?"

"आहेच. त्यांना सोयीचा वाटला की तेच काढतील."

"मग आपणच देऊ."

सकाळी मी दोन्ही मेल छापून आणले, अकोल्याचा आणि साजिदचा, आणि साजिदच्या हातात दिले. "सोमवारच्या आधी काकांना तुम्ही वाचून दाखवा. मी नाही."

"ते दुकान जाळतील."

"दुकान कोणाच्या नावाचं आहे?"

तो गेला. अलीझाला कडेवर घेऊन मीही मागे गेले, कारण त्याच्यावर माझा विश्वास उरला नव्हता. भगवंतराव बांधावर बसून दुबार पेरणीची ओळ बोटाने उकरत होते. साजिदने वाचलं. दुसरा कागद वाचताना तो अडखळला, पण थांबला नाही.

काकांनी मान वर केली नाही. "शिरखुरमा पिऊन गेल्तो मी," ते म्हणाले. "तवा माहीत होतं तुले?"

"होतं."

अलीझा खाली उतरायला हात-पाय मारत होती. मी तिला सोडलं नाही.

भगवंतराव उठले. साजिदच्या हातातले दोन्ही कागद घेतले, चार घड्या करून बंडीच्या खिशात घातले.

"सोमवारी मीही येतो अमरावतीले. अकोल्यावाल्याच्या समोर हे वाचीन," ते म्हणाले. "दोन्ही वाचीन. आन तुह्या दुकानात पुन्हा पाय नाही ठेवणार, हे तू आत्ताच ऐकून घे."

साजिदने मान हलवली. परतताना तो पुढे चालत होता, मी मागे. त्याने दोनदा वळून पाहिलं, अलीझाला घेऊ का म्हणून. मी दिली नाही.