शंका खोटी ठरल्यावर

कारखान्यात सगळे तिला मीटरताई म्हणत. गॅसच्या सिलिंडरमध्ये पाणी भरायचं, पंपाने दाब चढवायचा, ठरलेला वेळ तो टिकतो का ते पाहायचं आणि मग अहवालावर सही करायची, हे तिचं अकरा वर्षांचं काम. मीटरची काच बोटाने दोनदा टिचकवल्याशिवाय ती आकडा लिहीत नसे. त्यावरूनच हे नाव पडलं होतं.

एका आठवड्यात पंपाचं सील गेलं. चार दिवस पंप उघडा, सुटे भाग कापडावर मांडलेले. मीटरताईला फायली लावायच्या कामावर बसवलं होतं. फायली लावताना तिला त्याच चार दिवसांचे एकशे बारा चाचणी अहवाल दिसले. खाली विभागप्रमुखांची सही, वर पंपाचा क्रमांक. तोच पंप, जो तिच्या डोळ्यांदेखत कापडावर पडला होता.

तिने विभागप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, "झालंय ते झालंय. तुम्ही फायली लावा."

घरी तिने मोठ्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय पडलंय? आगीत हात तूच का घालायचा?"

"दादा, ते सिलिंडर लोकांच्या घरात जातात रे."

दादा म्हणाला, "लिहायचंच असेल तर नीट लिही. ऐकीव काही लिहू नकोस."

तिने कंपनीच्या दक्षता कक्षाकडे लिहिलं. पाहिलं तेवढंच. सोबत उघड्या पंपाचा एक फोटो जोडला. दक्षता अधिकारी निवृत्तीला टेकलेल्या, जाड चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी तिला बोलावून नियम वाचून दाखवला: नाव गुप्त राहील, आणि तक्रारीमुळे बदली, शेरा, धमकी, काहीही त्रास झाला तर तो स्वतंत्र गुन्हा धरला जाईल. "वाचायला छान आहे," बाई म्हणाल्या, "पण काही झालं तर तारखेसह लिहून ठेवा. माणसं विसरतात."

नऊ दिवसांनी तिची बदली झाली. मागच्या आवारातल्या टोप्यांच्या गोदामात. सिलिंडरच्या तोंडावर बसवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या मोजून पोत्यात भरायच्या. खिडकी नाही, खुर्ची डुगडुगती. वार्षिक मूल्यमापन आलं, तेही "असमाधानकारक". कारण: सांघिक वृत्तीचा अभाव. गेली अकरा वर्षं "उत्तम" होतं. चहाच्या टपरीवर ती आली की दोघंतिघं कप तसेच ठेवून उठायचे. कोणी वाईट बोललं नाही. बोललंच नाही.

तिने तारखा लिहिल्या आणि दुसरी तक्रार दिली. या वेळी ती पंपाबद्दल नव्हती, स्वतःबद्दल होती. ते लिहिताना तिला जास्त लाज वाटली.

दक्षता अधिकाऱ्यांनी ती वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यांना तुमचं नाव कसं कळलं असेल?"

"मी कोणालाच सांगितलं नाही. फक्त दादाला."

बाईंनी फाईल उघडून तो फोटो समोर धरला. कोपऱ्यात, टेबलाच्या कडेला, निळ्या ठिपक्यांची चष्म्याची डबी दिसत होती. तिची. "खुलासा मागताना हा फोटो मीच विभागप्रमुखांना पाठवला. नाव झाकलं, डबी झाकली नाही. चूक माझी." त्यांनी फोटो फायलीत परत ठेवला. "म्हणून ही दुसरी तक्रार मी चौकशीला घेऊ शकत नाही. मी यात साक्षीदार आहे. ही लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाईल. अध्यक्ष बाई आपल्या कंपनीच्या नोकर नाहीत."

मधल्या काळात पंपाच्या चौकशीचा निकाल लागला. अहवाल बनावट नव्हते. चार दिवस सिलिंडर ट्रकने शेजारच्या शाखेत नेऊन तिथल्या पंपावर तपासले होते. ट्रकच्या पावत्या होत्या, दाबाच्या आलेखाची गुंडाळी होती, तिथल्या तंत्रज्ञाच्या सह्या होत्या. संगणकातल्या छापील नमुन्यात इथल्याच पंपाचा क्रमांक आपोआप पडत होता, तो कोणी बदलला नाही. हलगर्जीपणा. फसवणूक नाही.

मीटरताईला हे गोदामात कळलं. तिच्या हातातल्या टोप्या खाली सांडल्या आणि त्या गोळा करायला ती वाकलीच नाही. दादाला फोन करून म्हणाली, "मी माणसावर खोटा आळ घेतला रे."

"तू शंका लिहिलीस. आळ कुठे घेतलास?"

"गावभर तेच म्हणतील आता."

समितीची बैठक वरच्या मजल्यावरच्या लांब टेबलाशी झाली. अध्यक्ष बाई थकलेल्या दिसत होत्या. समोर विभागप्रमुख, शेजारी मनुष्यबळ अधिकारी. विभागप्रमुखांनी सुरुवात केली. "मॅडम, माझी अठ्ठावीस वर्षांची नोकरी. चौकशीत मी निर्दोष निघालो. यांची तक्रार खोटी होती. मग संरक्षण कसलं?"

अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या खात्यात पंप उघडा होता?"

"होता."

"अहवालावर त्याच पंपाचा क्रमांक होता?"

"होता. चुकून."

"यांनी तुम्हाला विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"तेव्हा शेजारच्या शाखेचं सांगितलं असतंत तर?" त्या पुढे म्हणाल्या, "शंका खरी निघावी अशी अट नाही. जे दिसलं त्यावरून शंका येणं रास्त होतं का, आणि ती प्रामाणिकपणे लिहिली का, एवढंच पाहायचं. जाणूनबुजून खोटं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी. आता बदलीचं सांगा. तक्रार नसती तरी हीच बदली झाली असती, हे तुम्ही दाखवायचं आहे. यांनी नाही."

"आलटून पालटून कामं द्यायची, हे आधीच ठरलं होतं."

"आणखी कोणाची बदली झाली?"

मनुष्यबळ अधिकाऱ्याने कागद चाळले. "कोणाचीच नाही."

मग त्याने मूल्यमापनाची संगणकातली नोंद वाचली. तक्रारीच्या आधी मसुद्यात "उत्तम" होतं. फोटो मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते बदललं.

विभागप्रमुखांनी रुमालाने कपाळ पुसलं. ते मीटरताईकडे पहिल्यांदाच बघत म्हणाले, "मला झोंबलं ते. अकरा वर्षं शेजारी बसून तुम्हाला मी चोर वाटलो."

"मी तुम्हाला विचारलं होतं ना, साहेब," ती म्हणाली. एवढंच तिला सुचलं.

निर्णय लेखी आला. बदली रद्द, आधीचं मूल्यमापन कायम. विभागप्रमुखांना ताकीद, यापुढे तिचं मूल्यमापन दुसरे अधिकारी करतील. दक्षता कक्षालाही ओळख फुटल्याबद्दल लेखी समज. एकशे बारा अहवाल दुरुस्त करून ग्राहकांना पुन्हा पाठवायचे, आणि नमुन्यात पंपाचा क्रमांक आता हाताने भरायचा. शिवाय वर्षभर दर महिन्याला दक्षता कक्षाने तिला काही त्रास होतो का ते विचारायचं.

ती चाचणीच्या प्रयोगशाळेत, आपल्या जुन्या जागी परतली. विभागप्रमुख कामापुरतं बोलत, अगदी नेमकं, अगदी अदबीनं. त्यात तिला राग सापडत नव्हता, म्हणून ते जास्त जड जाई. टपरीवर ती आता मधल्या सुट्टीत जात नसे.

पहिल्या महिन्याच्या शेवटी दक्षता अधिकाऱ्यांचा फोन आला. "या महिन्यात काही त्रास?"

"नाही."

"बदली, शेरा, जादा काम?"

"नाही. कोणी बोलत नाही, एवढंच."

पलीकडे पेन थांबल्यासारखं वाटलं. "ते नियमात बसवता येत नाही हो."

"माहीत आहे."

"तरी लिहून घेऊ?"

पंपाचा दाब चढत होता. मीटरताईने फोन खांद्याशी धरला, काच टिचकवली आणि आकडा नीट वाचला. "घ्या लिहून," ती म्हणाली.