बटनाची पिंड

"हात बाहेर काढ, वच्छे. मंग फेरा दे. हात आत असतानी हँडल फिरवलं, तर पडद्यावर भूत दिसन."

रेवारामचं हे सांगणं वच्छलाच्या कानात तीन वर्षं तसंच्या तसं होतं. लढाईवर जायच्या आदल्या दिवशी तिच्या थोरल्या भावानं तिला कॅमेऱ्यापाशी बसवलं होतं. तो मुन्नालालच्या तंबू सिनेमात काम करायचा. तंबू बंद पडला तेव्हा हा लाकडी पेटीचा कॅमेरा मुन्नालालनं त्यालाच देऊन टाकला. पेटीला हँडल अडकवायची दोन भोकं. एकात अडकवलं तर एका फेऱ्यात आठ चित्रं निघत, दुसऱ्यात अडकवलं तर फक्त एक. रेवारामला दुसऱ्याचंच वेड. मातीचा बैल रतीभर सरकवायचा, हात काढायचा, फेरा द्यायचा, पुन्हा रतीभर. पडद्यावर बैल आपल्या पायानं चालायचा.

रेवाराम ब्रह्मदेशातून परतला तो कामठीच्या इस्पितळातच. अंगावर जखम नाही, पण वाचा गेलेली. वैशाखात त्याचं पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, एका सिनेमाची मांडणी होती. हरवलेलं बटन घरी येतं, एवढीच गोष्ट. कुणी बोलत नाही. नुसती दृश्यं आणि चित्रांचे आकडे. 'दृश्य चार. चिखल. बटन अर्धं बुडालेलं. चोवीस चित्रं काहीच हलत नाही. मग कड वर येते.' शेवटच्या दृश्याशी लिहिलं होतं, 'मायचा तळहात. बटन अंगावरची माती टाकून त्यावर चढतं. फक्त इथं हात दिसू दे.' आणि पार खाली, पेन्सिलीनं: 'बटन घरी पोचलं की मी येतो.'

हे बटन खरं होतं. गोंदियाच्या ठेसनावर मायनं, सुमित्राबाईनं, लेकाला कवटाळलं तेव्हा त्याच्या कोटाचं पितळी बटन तिच्या मुठीत आलं. "परत ये, मीच टाचून देईन," ती म्हणाली होती. तेव्हापासून ते देवाच्या डब्बीत होतं. वच्छलानं ते मायला न विचारता काढलं. मायनं देवाच्या डब्बीतली वस्तू हलवू दिली नसती, आणि वाचा गेल्याचंही मायला कुणी सांगितलं नव्हतं.

मुन्नालालनं फिल्मचा जुना डबा दिला. शंभर फूट, सोळाशे चित्रं, पडद्यावर शंभर सेकंद. "बिटिया, एकच डबा हाय. बिगडा तो गया," तो म्हणाला. "आन बोलपट येऊन चौदा वर्सं झाले. हे मुकं बटन कोन पाहीन?"

"दादा पाहीन," वच्छला म्हणाली. मुन्नालालनं मग थट्टा केली नाही.

बोडीची, गावच्या तळ्याची, माती दुसऱ्या दिवशीच तडकली. तेव्हा वच्छलानं ती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ केली आणि मधाच्या पोळ्याच्या मेणात, मोहाच्या बियांच्या तेलात शिजवली. ती माती वाळेना, तडकेना, बोट लावलं तसं वळे. पितळी बटन मधोमध घालून तिनं वरून माती चढवली, म्हणजे ते वाकेल, चढेल. सपरीची, म्हणजे पुढच्या पडवीची, खिडकी घोंगडीनं बंद केली, कारण ऊन सरकलं की चित्र लुकलुकतं. आत ती दादाचा कॅमेरा फिरवते, एवढंच मायला ठाऊक होतं. गॅसबत्ती लावली, दर दहा चित्रांनी पंप मारला. बटन एकदा हलवायचं, दोन फेरे द्यायचे, कोळशानं भिंतीवर रेघ ओढायची. बिरसीच्या धावपट्टीवर विमान उतरलं की टेबल थरथरे; मग ती हात मांडीवर ठेवून बसून राही.

श्रावणात ती दृश्य चारपर्यंत आली. चिखलाच्या ढिगातून बटन वर निघत होतं. भिंतीवर तेराशे चाळीस चित्रांच्या रेघा झाल्या. त्या सोमवारी दुपारी गॅसबत्तीची जाळी फुटली, म्हणून वरून फडकं झाकून ती नवी आणायला गोंदियाला गेली.

दिवेलागणीच्या आधी परतली तर टेबल रिकामं.

ढीग नाही, बटन नाही. जिथं चिखल होता तिथं हळदीकुंकवाची दोन बोटं, बेलाचं एक पान आणि चार अक्षता. वच्छलाच्या हातातली जाळी खाली पडून चुरा झाली. ओरडावं तर आवाज निघेना. दादाचं असंच झालं असेल का, असं मनात आलं आणि ती खाली बसली.

दारात माय उभी होती. लुगड्याचा काठ ओला, चेहरा पांढराफटक.

"वच्छे, मोठं पाप झालं वं."

"माय, इथलं कोनं नेलं?"

"मीच नेलं. वाती पाहाले आली, तं फडक्याखाली महादेवाची पिंड! तू आठ दिवस देव झाकून ठेवला? ना पाणी, ना बेल! पार्थिव पिंड रातभर ठेवत नाई, तुले मालूम नाई? सकाळी करा, संध्याकाळी पाण्यात शिळवा. मी कान धरले, पूजा केली, बोडीत नेऊन सोडली."

वच्छलाला तो ढीग डोळ्यांपुढं दिसला. खाली गोल बैठक, वर निघालेली बटनाची गोल कड. श्रावणभर रोज पहाटे मातीची पिंड करणाऱ्या बाईला तो दुसरा काय दिसणार!

"पन विरघळली नाई वं," सुमित्राबाई म्हणाली. "घटका झाली, पाण्यात तशीच बसून हाय. हातानं चोळली, तं वरतून पाणी घसरून राहिलं. आजवर असं झालं नाई. देवानं माई पूजा नाई घेतली. माया रेवारामचं काई..."

"माय, थो देव नोहे."

"तोंड सांभाळ!"

"तेल-मेनाची माती हाय. मीच शिजवली. पाण्यात विरघळत नाई थे. आन आत दादाचं बटन हाय."

सुमित्राबाई दारातून देवाकडं वळली. देवाजवळची डब्बी उघडली. रिकामी.

"मले काऊन नाई सांगितलं?"

मग वच्छलानं सगळंच सांगितलं. वाचा गेल्याचं, पाकिटाचं, शेवटची ओळ. कागद वाचून दाखवला. सुमित्राबाईनं कागद हातात घेतला, उलटा धरला, त्यावरून बोट फिरवलं.

"हे त्यानं लिवलं? बोलत नाई, पन लिवते?"

"होय."

"आन शेवटी माया हात पाह्यजे?"

"तुयाच. बाकी कुठी हात दिसला नाई पाह्यजे, पन तिथी पाह्यजे."

"हात लावला मीनं, थे सारं नासलं ना?"

वच्छलानं कॅमेऱ्याकडं पाहिलं. तिपाई हलली नव्हती. दोन फेऱ्यांच्या मधे वस्तू उचलली की पडद्यावर ती एका क्षणात अलोप होते. तंबूतल्या जादूच्या खेळात दादानं हेच केलं होतं. रिकाम्या टेबलाची, त्या बेलाच्या पानाची चित्रं काढली, तर चिखलातून वर येता येता बटन एकाएकी गायब होईल. मग थेट मायचा तळहात. पण तळहातावर ठेवायला ते बटन हवं.

"नाई नासलं," ती म्हणाली. "हरवलं होतं, आनखी एकदा हरवलं. बटन भेटलं तं होते."

"विरघळली नाई म्हनून तं हाय अजून," माय स्वतःशीच पुटपुटली.

सोमवार सोडायला भात शिजवून झाकून ठेवला होता. त्याच्याकडं सुमित्राबाईनं पाहिलंही नाही. देवापुढं डोकं टेकलं, उजव्या तळहाताचं कुंकू लुगड्याला पुसून हात स्वच्छ केला, खुंटीवरची मासोळ्या गाळायची टोपली काढली. या घरात कधी मासोळी शिजली नव्हती. टोपली शेजारचा मंगरू विसरून गेला होता.

"मी येतो ना संग," वच्छला उठली.

"तू बस. तुया टेबलाले कोनाचा हात नोको लागू." पदर खोचत ती म्हणाली, "बटन टाचून देईन म्हनलं होतं मीनं त्याले."

आभाळात अजून उजेड होता. टोपली काखेत घेऊन सुमित्राबाई बांधावरून बोडीच्या वाटेला लागली.