पहिला मराठी ट्रॅक

ऑफिसातून दमूनभागून आलेल्या लेकीच्या हातातली बॅग खाली टेकते न टेकते, तोच बाबा करवादले, "काय गं, या सिनेमातली माणसं बोलता बोलता गप्पच होतात. करतात तरी काय?"

बाबांची नजर गेलेली. त्यांच्यासाठी अंधांच्या वाचनालयातून तिने सिनेमे आणले होते. पेनड्राइव्हवर मावावेत म्हणून कन्व्हर्ट करताना फक्त मराठी ऑडिओ ठेवला, बाकी भाषा काढल्या, वर मूळ फाइलीही उडवल्या.

एक फाइल कन्व्हर्ट करायची राहिली होती. ती तिने उघडून पाहिली. मराठी ऑडिओ ट्रॅक दोन होते: पहिला नुसत्या संवादांचा, दुसरा पडद्यावर काय चाललंय ते सांगणाऱ्या निवेदनासकट. आणि तिची सेटिंग होती, निवडलेल्या भाषेचा फक्त पहिला ट्रॅक ठेवा.

सिनेमा अजून चालूच होता. कपाळावर हात मारून ती बाबांशेजारी बसली. "तो दार उघडतोय. बाहेर कुणीच नाही."

"हळू बोल, त्यांचं बोलणं ऐकू येत नाही."

ती गप्प झाली. थोड्या वेळाने पडद्यावरचेही गप्प झाले.

"थांबलीस का?" बाबा म्हणाले. "आता सांग ना."