चाळिसावं पिंप

मॅनिफेस्टच्या सगळ्या प्रती एकाखाली एक ठेवून, मध्ये कार्बन घालून लिहायच्या असतात. वरच्या प्रतीवर सही ठसठशीत उमटते, मधल्या प्रतींवर ती थकत जाते आणि सर्वांत खालच्या प्रतीवर आडनावाची नुसती शेपटी पोचते. म्हणून कारखान्यातल्या केमिस्टबाई पेन दाबून लिहीत आणि शब्द शक्यतो आखूड निवडत.

घातक कचरा फाटकाबाहेर पडला की हा कागद त्याच्यासोबत निघतो. पाठवणाऱ्याची सही, गाडीवाल्याची सही, मग विल्हेवाटीच्या ठिकाणी माल मोजून-तपासून तिथल्या माणसाची सही. तिन्ही सह्यांची प्रत परत येईपर्यंत कचरा पाठवणाऱ्याच्याच गळ्यात असतो.

त्या दिवशी दुपारी प्रतीऐवजी फोन आला.

"बाई, तुम्ही पिंपं चाळीस लिहिलीयत. इथं एकोणचाळीस उतरली," विल्हेवाटीच्या ठिकाणचे तपासनीस म्हणाले.

"पुन्हा मोजा ना."

"दोनदा झालं. आधी मी मोजली, मग ज्याचा माझ्यावर विश्वास नाही त्यानं मोजली. वजनही एका पिंपानं कमी भरतंय."

"ड्रायव्हर काय म्हणतो?"

"ते चहाला गेलेत. बराच लांबचा चहा दिसतो."

त्या पिंपांत थिनर आलेला होता. तळाशी उरतो तो घोटभर, पण झाकण लावलं की आत वाफ कोंडून राहते. भरलेल्या पिंपापेक्षा असं पिंप जास्त वाईट. ठिणगी पडली तर ते पिंप राहत नाही, तोफ होते. आणि गावात पिंप मिळालं की लोकांना ते कापून बघायची भारी हौस.

त्यांनी वाहतूक कंपनीच्या कारकुनाला फोन लावला. प्रत्येक गाडी कुठं गेली, कुठं थांबली, याची नोंद त्याच्या संगणकावर दिसे.

"गाडी मध्ये कुठं थांबली होती?"

"छे हो, आमच्या गाड्या थांबत नाहीत."

"बघून सांगा."

बटणं वाजली. "थांबलीय खरी. तुमच्याकडून निघाल्यावर लगेच. मोठा रस्ता खणलाय ना, म्हणून आतल्या गल्लीतून घेतलेली दिसते. औषधाच्या दुकानापुढं."

बाईंची गल्ली तीच होती. पण त्या गल्लीत घरं पुष्कळ होती.

"नेमकी कुठं?"

"थांबा, नकाशावर घराचा फोटो येतोय. हिरवं फाटक आहे. फाटकाशी... बाई, हसू नका हं, कमोड ठेवलाय. त्यात गुलाब लावलाय."

बाई हसल्या नाहीत.

"एकच कमोड आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, तीन. तुम्हाला कसं कळलं?"

बाईंनी फोन ठेवला आणि स्कूटरची किल्ली उचलली. जाता जाता घरी फोन लावला. सासरे उचलेनात. ते अंगणात काम करत असले की फोन घरात ठेवत, कामात अडथळा नको म्हणून.

सासरे निवृत्त झाल्यापासून त्यांना कुठलीही टाकलेली वस्तू बघवत नसे. गच्चीवर पंखे, टायरं, खिडक्यांच्या चौकटी, एका बंद पडलेल्या सलूनची खुर्ची, असा सगळा संसार वर मांडलेला होता. त्याच्या ओझ्यानं खालच्या खोलीच्या छताला तडे गेले होते. "बाबांना सांगायला हवं," असं बाई दर काही दिवसांनी म्हणत. "योग्य वेळ येऊ दे," असं नवरा म्हणे. वेळ यायची, चहा पिऊन निघून जायची.

फाटकातून आत शिरताना त्यांना पिंप दिसलं. ते दोन विटांवर आडवं ठेवलेलं होतं. त्यावर खडूची रेघ मारलेली होती आणि सासरे हातात कटर घेऊन उभे होते.

"बाबा! हात काढा!"

"आलीस का? बरं झालं. तुझ्या सासूनं वायर लपवलीय. बघ जरा कुठंय ती."

"माझी झोप मोडते," सासूबाई आतून ओरडल्या. "चार वाजल्याशिवाय मिळणार नाही!"

बाई पायरीवर बसल्या. सासूबाईंच्या वामकुक्षीचं महत्त्व त्यांना आजवर कळलं नव्हतं.

"यात थिनरची वाफ आहे, बाबा. कटर लावला असतात तर मला तुमचे तुकडे गोळा करावे लागले असते."

"काहीतरीच. रिकामं आहे ते. मी ड्रायव्हरला तीनदा विचारलं. म्हटलं, माझी सून तुमच्याच कारखान्यात केमिस्ट आहे, मला फसवू नका. तर त्यानं कागदच दाखवला. तुझं अक्षर मी ओळखतो. लिहिलंयस, 'रिकामी पिंपे, चाळीस'."

बाईंनी डोळे मिटले. 'रसायन लागलेली रिकामी पिंपे' असं लिहायचं असतं. रकाना लहान, कार्बन जुने. त्यांनी आखूड शब्द निवडला होता.

"आणि बाईंच्याच घरचे म्हटल्यावर," तेवढ्यात फोनवर सापडलेला ड्रायव्हर सांगू लागला, "मी नाही कसं म्हणणार? मला वाटलं, तुमचंच तुमच्याकडे जातंय."

"तुमच्या ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं होतं?"

"वाटेत काही उतरवायचं नाही."

"मग?"

"मी नाही उतरवलं. आजोबांनी उतरवलं."

तपासनीसांचा पुढचा फोन आला, तेव्हा पिंप कुठं सापडलं ते बाईंनी सांगून टाकलं. त्यांचा सूर मऊ झाला. "बाई, असं करा, ते पिंप स्कूटरवर नाहीतर टेम्पोत टाकून कारखान्यात न्या, पुढच्या खेपेत चढवा. मी चाळीस लिहितो. कुणाला कळणार?"

बाईंनी पिंपाकडे पाहिलं. परवाना नसलेल्या गाडीतून ते नेता येणार नव्हतं. शिवाय मोजलं एक आणि लिहिलं भलतंच, तर त्या कागदाला कार्बन तरी कशाला लावायचा?

"तुम्ही एकोणचाळीसच लिहा. फरकाचा शेरा मारा. मंडळाला मी कळवते."

प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे ते हरवलेलं पिंप तुम्हाला तुमच्याच अंगणात सापडलं?"

"हो."

"लेखी द्या," ते म्हणाले, आणि मग त्यांना खोकला आला. खोकला बराच वेळ हसल्यासारखा चालला.

चार वाजून गेल्यावर गाडी आली. ड्रायव्हरनं हातमोजे घालून पिंप उभं केलं, झाकण घट्ट केलं, गाडीत बांधलं. बाईंनी कारखान्याच्या नावानं नवं मॅनिफेस्ट लिहिलं. या वेळी शब्द लांब होता. तो रकान्याबाहेर गेला, तसाच जाऊ दिला. शेऱ्यात पिंप सापडल्याचं ठिकाण लिहायचं होतं. त्यांनी घरचा पत्ता लिहिला आणि खाली पेन दाबून सही केली.

"माझं नाव नाही ना घातलंस?" सासऱ्यांनी खांद्यावरून डोकावत विचारलं.

"नाही. माझं आहे."

गाडी वळून निघाली. सासूबाई वायर घेऊन दारात आल्या होत्या.

"चार वाजले. आता काय कापायचंय ते कापा."

"काही नाही राहिलं," सासरे म्हणाले. मग जाणाऱ्या गाडीकडे बघताना त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. "त्याची ताडपत्री पाहिलीस का गं? फाटलीय. तो ती टाकूनच देणार बघ. आपल्या गच्चीवर..."

बाईंनी आधी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी किंचित मान डोलावली.

"बाबा," बाई म्हणाल्या, "गच्चीवर आता काहीही जाणार नाही. रविवारी भंगारवाल्याला बोलावतेय. खुर्चीसकट सगळं खाली उतरवायचं."